लहानग्यांचा कान दुखतो तेव्हा: दुखण्याचं औषध लगेच, अँटिबायोटिक पारखून

दीड वर्षाच्या मुलाला "कान दुखतोय" असं सांगता येत नाही. सर्दी होऊन तीन-चार दिवस झालेले असतात, नाक वाहणं जरा कमी झालेलं असतं, संध्याकाळी मूल बऱ्यापैकी खेळलेलंही असतं, आणि रात्री दीड-दोनच्या सुमाराला ते किंचाळत उठतं. कडेवर घेतलं की थोडं शांत होतं, खाली ठेवलं की पुन्हा सुरू. मग घरात अंदाज बांधले जातात. आजी म्हणते दात येतायत, बाबांना वाटतं पोटात गॅस झालाय, कुणीतरी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढतं. सकाळी दवाखान्यात कानात बघितलं की पडदा फुगलेला दिसतो.

अशा वेळी दोन निर्णय घ्यायचे असतात आणि ते दोन्ही वेगवेगळे आहेत. पहिला, दुखणं थांबवायचं. हा आई-बाबांनी रात्री दोनलाच घ्यायचा, त्यासाठी निदानाची वाट बघायची गरज नाही. दुसरा, अँटिबायोटिक द्यायचं का. हा डॉक्टरांनी कानात बघितल्यावर घ्यायचा, आणि कधी कधी बघितल्यावरही दोन दिवस थांबून. आम्हा बालरोगतज्ज्ञांना बऱ्याचदा उलटं चित्र दिसतं. दुखण्याचं औषध "उगाच कशाला द्यायचं" म्हणून टाळलेलं असतं आणि मागच्या आजारात उरलेली अँटिबायोटिकची बाटली मात्र फ्रीजमधून काढून सुरू केलेली असते.

सर्दीतून कान कसा बिघडतो

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते, तिला मधला कान म्हणतात. ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ही नळी क्षणभर उघडते, ताजी हवा आत जाते आणि आतला ओलावा घशाकडे उतरतो. घाट उतरताना दडे बसलेले कान जांभई दिल्यावर मोकळे होतात, ते हिच्यामुळेच.

मोठ्या माणसात ही नळी लांब आणि तिरकी असते. वर्ष-दीड वर्षाच्या मुलात ती आखूड, जवळजवळ आडवी आणि लिबलिबीत असते. उतार नीट न काढलेल्या मोरीसारखी तिची गत असते, आत आलेलं लवकर निघत नाही. सर्दीत नळीचं तोंड सुजतं आणि ती बंद पडते. आत अडकलेली हवा हळूहळू शोषली जाते आणि तिच्या जागी पाणी साचतं. नाका-घशात एरवी गुपचूप राहणारे न्यूमोकोकससारखे जंतू त्या पाण्यात पोचले की तिथे वाढतात, पू होतो, आणि तो पडद्याला आतून बाहेर ढकलतो. दुखतं ते या दाबामुळे. मूल आडवं झालं की दाब वाढतो, म्हणून दिवसा खेळणारं मूल रात्री किंचाळतं.

हे कळलं की काही समज आपोआप गळून पडतात. अंघोळीचं पाणी कानात गेल्यामुळे हा आजार होत नाही, कारण धड असलेला पडदा पाणी आत जाऊ देत नाही. पंख्याचा वारा, टोपी न घालणं, यांचाही त्याच्याशी संबंध नाही. जंतू नाकाच्या बाजूने आलेले असतात. म्हणून पाळणाघरात नुकतंच जायला लागलेल्या, दर पंधरा दिवसांनी सर्दी होणाऱ्या मुलांचे कान जास्त दुखतात, आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर आणखी जास्त. सहा महिने ते दोन वर्षं हा यातला सगळ्यात त्रासाचा काळ. पुढे नळी वाढते, तिरकी होते, आणि शाळेच्या वयात हा त्रास बहुतेकांचा सुटतो.

घरी काय दिसतं

कान ओढणं हे लक्षण सगळ्यांना ठाऊक असतं आणि एकट्याने ते फारसं भरवशाचं नाही. या वयाची मुलं झोप आली की कान ओढतात, दात येताना ओढतात, नुसता नवा छंद लागला म्हणूनही ओढतात. सर्दी नाही, ताप नाही, खाणं-झोपणं ठीक आहे आणि मूल कान चाळवतंय, तर बहुधा काही नाही. सर्दी चालू आहे, रात्रीची झोप अचानक मोडली आहे आणि त्यात मूल कान धरतंय, तर मात्र दाखवलेलं बरं.

एखादं चिन्ह सुटं धरण्यापेक्षा बदल कधी झाला ते बघा. सर्दी उतरणीला लागलेली असताना मूल पुन्हा बिघडणं ही खरी खूण. ताप नव्याने येतो, पण सगळ्यांना येतोच असं नाही. कान चांगलाच सुजूनही ताप नसलेली मुलं कमी नसतात. भूक असूनही मूल दोन घोट पिऊन तोंड बाजूला करतं आणि रडतं, कारण चोखताना-गिळताना कानातला दाब बदलतो आणि कळ येते. उभं कडेवर घेतल्यावर बरं वाटतं. काही मुलांना उलट्या किंवा जुलाब होतात आणि सगळं लक्ष पोटाकडे जातं.

एक चिन्ह मात्र जवळजवळ नक्की सांगतं, ते म्हणजे सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसणं, कानातून पू येणं. दाबाने पडद्याला बारीक भोक पडलेलं असतं. आई-बाबा यालाच सगळ्यात जास्त घाबरतात, आणि मूल नेमकं त्याच सकाळी शांत झालेलं असतं, कारण दाब सुटलेला असतो. असं भोक बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. तरी कान दाखवायचाच, कारण पू आला की अँटिबायोटिकचा हिशेब बदलतो. तो पुढे येईल.

पहिली रात्र

पहिल्या दिवसात खरा आराम देतं ते पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. अँटिबायोटिक सुरू केलं तरी पहिल्या चोवीस तासांत दुखण्यावर त्याचा फरक पडत नाही, हे अनेक चाचण्यांतून दिसलेलं आहे. म्हणून अँटिबायोटिक मिळालं तरी दुखण्याचं औषध पहिले एक-दोन दिवस नीट वेळेवर द्यायचं. ताप नसला तरी द्यायचं, कारण ते इथे तापासाठी नसून दुखण्यासाठी आहे.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: एका वेळी दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आपल्या औषधाच्या दुकानात हे औषध निदान तीन ताकदींत मिळतं आणि खरी गडबड तिथेच होते. 10 किलोच्या मुलीला एका वेळी 150 मिलिग्रॅम लागतात. ज्या सिरपवर "5 मिलीमध्ये 125 मिलिग्रॅम" लिहिलंय, त्याचे 6 मिली. ज्यावर "5 मिलीमध्ये 250 मिलिग्रॅम" लिहिलंय, त्याचे 3 मिली. आणि बाळांसाठीचे ड्रॉप्स, ज्यांच्यावर बहुधा "1 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम" असतं, त्यांचे फक्त दीड मिली. ड्रॉप्स लहान बाळासाठी असतात म्हणजे ते सौम्य असतील असं वाटतं, पण तेच सगळ्यात कडक असतात. सिरपच्या हिशेबाने 6 मिली ड्रॉप्स गेले, तर मुलीला एका दमात चौपट डोस पोचतो. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचायचा, आणि स्वयंपाकघरातला चमचा न वापरता बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरायची.

आयबुप्रोफेन दुखण्यावर चांगलं चालतं आणि त्याचा परिणाम थोडा जास्त वेळ टिकतो. सहा महिन्यांवरच्या मुलांना, काही खाल्ल्यावर, एका वेळी दर किलोला 10 मिलिग्रॅमपर्यंत, सहा ते आठ तासांनी. मात्र मुलाला उलट्या-जुलाब होत असतील, लघवी कमी झाली असेल किंवा कांजिण्या असतील तर ते टाळायचं. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, गल्लीत डेंग्यूचे रुग्ण असताना तापाचं कारण पक्कं झालेलं नसेल, तर पॅरासिटामॉलवरच थांबायचं, कारण डेंग्यूत आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेलं सिरपही सर्रास मिळतं. ते देऊन वर वेगळं पॅरासिटामॉल दिलं की नकळत दुप्पट डोस होतो. अशा वेळी नावापेक्षा खाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक बघायचे. घरात कुठे जुनं निमेसुलाइड सापडलं तर ते टाकून द्या; 12 वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर 2011 पासून बंदी आहे.

बाकी उपाय साधे आहेत. मुलाला छातीवर उभं टेकवून झोपवणं, अंगावर पाजत असाल तर पाजत राहणं, बाटलीने पाजत असाल तर डोकं वर ठेवून पाजणं, नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कानाबाहेर शेकायला हरकत नाही, फक्त ती आधी आपल्या गालाला लावून बघायची, कारण कोवळी कातडी पटकन भाजते. सर्दीचं मिश्र सिरप मात्र नको. त्याने कान लवकर बरा होत नाही, आणि क्लोरफेनिरामिन-फिनायलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये सांगितलेलं आहे.

आता तेलाबद्दल. लसूण घालून कडवलेलं तेल, कोमट खोबरेल, कांद्याचा रस, अंगावरच्या दुधाचे थेंब, हे सगळं मायेपोटी होतं, पण यातलं काहीही पडद्यापलीकडच्या पुवापर्यंत पोचत नाही. पडदा धड असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं. शिवाय सकाळी कानात बघायचं म्हटलं की पडद्याऐवजी तेलाचा थर दिसतो आणि निदान अडतं. दुकानातून स्वतःहून आणलेल्या थेंबांचंही तेच. त्यांतल्या काहींमध्ये जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं आणि फाटलेल्या पडद्यातून आत गेलं तर ते ऐकण्याच्या नसेला धोक्याचं ठरू शकतं.

डॉक्टर कानात काय शोधतात

धड पडदा मोत्यासारखा राखाडी, अर्धपारदर्शक आणि किंचित आत ओढलेला असतो. आजार पक्का ठरतो तो पडदा बाहेर फुगलेला, पिवळट, धूसर दिसतो तेव्हा. नुसता लालपणा पुरेसा नाही. दवाखान्यात हातपाय घट्ट धरून ठेवलेलं, जिवाच्या आकांताने रडणारं मूल असेल तर त्याचे दोन्ही पडदे लाल होतात, तापानेही होतात. "कान जरा लाल दिसतोय" एवढ्यावर लिहून दिलेली अँटिबायोटिक्स पुष्कळ, आणि त्यातली बरीच अनावश्यक. मळाने पडदा झाकला असेल तर आधी तो काढावा लागतो, हे काम कटकटीचं आहे आणि गर्दीच्या ओपीडीत ते टाळायचा मोह होतो. डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: पडदा दिसला का? फुगलाय का, आणि एका कानात की दोन्ही?

तिसरीही एक अवस्था असते. पडद्यामागे नुसतं पाणी असतं, पडदा फुगलेला नसतो, मूल आजारी नसतं. हे सर्दीचं उरलेलं पाणी आहे, त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

अँटिबायोटिक कुणाला

या आजारात बरीच मुलं आपोआप बरी होतात. चाचण्यांमध्ये शंभरातल्या सुमारे साठ मुलांचं दुखणं अँटिबायोटिक दिलं किंवा न दिलं तरी चोवीस तासांत थांबलेलं होतं. दोन-तीन दिवसांनंतरचा हिशेब केला तर एका मुलाचं दुखणं थांबवण्यासाठी सुमारे वीस मुलांना औषध द्यावं लागतं. उलट बाजूला, औषध घेणाऱ्या दर चौदा मुलांमागे एकाला त्याच्यामुळे जुलाब, उलटी किंवा पुरळ येतं. हे आकडे सगळ्या मुलांची सरासरी आहेत आणि सरासरीत एक महत्त्वाची गोष्ट लपते.

2006 मध्ये काही संशोधकांनी वेगवेगळ्या सहा चाचण्यांमधल्या 1643 मुलांची माहिती एकत्र करून पाहिलं की औषधाचा फायदा नेमका कुणाला होतो. दोन वर्षांखालच्या, दोन्ही कान बिघडलेल्या मुलांमध्ये औषध न घेणाऱ्यांपैकी 55 टक्के मुलांना तीन ते सात दिवसांनीही ताप किंवा दुखणं होतं. औषध घेणाऱ्यांत ते 30 टक्के होतं. ज्यांच्या कानातून पू येत होता त्यांच्यात फरक आणखी मोठा, 60 टक्क्यांवरून 24 टक्के. म्हणजे या मुलांत तीन-चार जणांना औषध दिलं की एकाला सरळ फायदा. एकच कान, पू नाही, वय दोनच्या वर, अशा मुलांत फायदा बराच कमी होता.

आजचे नियम बऱ्याच अंशी याच्यावर उभे आहेत. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर थांबायचं नाही, औषध द्यायचं. कानातून पू येत असेल तर द्यायचं. दोन वर्षांखालचं मूल आणि दोन्ही पडदे फुगलेले, तर द्यायचं. वय काहीही असो, दुखणं तीव्र आहे, दुखण्याला दोन दिवस होऊन गेलेत किंवा ताप 102 फॅरनहाइटच्या वर चढतोय, तरी द्यायचं. उरलेल्यांना, म्हणजे सहा महिन्यांवरचं, बाकी तब्येत ठीक असलेलं, एकाच कानाचा मध्यम त्रास असलेलं मूल, किंवा दोन वर्षांवरचं फारसा त्रास नसलेलं मूल, यांना दुखण्याचं औषध देऊन 48 ते 72 तास वाट बघता येते. जन्मजात टाळू दुभंगलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं या हिशेबात धरायची नाहीत, त्यांना लवकर औषध लागतं.

"वाट बघता येते" याला एक अट आहे. मूल बिघडलं तर पुन्हा दाखवता आलं पाहिजे. तालुक्याहून दोन एसट्या बदलून आलेल्या आईला "परवा परत या" सांगणं सोपं आहे, तिला येणं सोपं नाही. सरकारी उपकेंद्रात बालआजारांसाठी जी पद्धत शिकवतात, तिच्यात कान दुखत असेल किंवा चौदा दिवसांपेक्षा कमी काळ पू येत असेल तर पाच दिवस अमॉक्सिसिलिन सुरू करायला सांगितलेलं आहे. तिथे कानात बघायचं साधन नसतं, त्यामुळे झुकतं माप औषधाच्या बाजूने जातं. मला यात विसंगती वाटत नाही. पुण्यात डॉक्टर घराखाली असलेल्या मुलाला थांबवणं आणि पाड्यावरच्या मुलाला आजच औषध देणं, दोन्ही बरोबर असू शकतं.

एक मुलगी, तीन दिवस

हे सगळं एका मुलीवर लावून बघू. वय सोळा महिने, वजन 10 किलो, गुरुवारपासून सर्दी. रविवारी रात्री दोनला किंचाळत उठली. अंगात 100.8 ताप. आईने 250 च्या सिरपचे 3 मिली दिले, अर्ध्या-पाऊण तासात ती खांद्यावर झोपली. सोमवारी सकाळी उजवा पडदा फुगलेला आणि पिवळट, डावा थोडा लाल पण सपाट. पू नाही. मुलगी दूध पितेय, मधूनच हसतेय. म्हणजे दोन वर्षांखालची, पण एकच कान आणि त्रास मध्यम. इथे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. डॉक्टर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या आई-बाबांशी बोलतात आणि ठरतं: दुखण्याचं औषध दर सहा तासांनी, अँटिबायोटिकची चिठ्ठी हातात, पण ती आज वापरायची नाही. बुधवारी सकाळपर्यंत उतार नसेल, त्याआधी ताप 102 च्या वर गेला किंवा पू आला, तर सुरू करायचं.

मंगळवारी रात्री ताप 102.8 झाला आणि ती पुन्हा झोपेना. त्याच रात्री अमॉक्सिसिलिन सुरू झालं. एक दिवस थांबण्याने काही वाया गेलं नाही, आणि मंगळवारी ती बरी झाली असती तर औषध वाचलं असतं. सोमवारी दुसराही पडदा फुगलेला असता, तर मात्र ही चिठ्ठी हातात ठेवायचा प्रश्नच नव्हता, त्याच सकाळी औषध सुरू झालं असतं.

आता चिठ्ठीवरचा आकडा बघून दुकानदारही कधी कधी चमकतो. कानासाठी अमॉक्सिसिलिन दिवसाला दर किलोला 80 ते 90 मिलिग्रॅम देतात, घशाच्या नेहमीच्या डोसापेक्षा बरंच जास्त, कारण मधल्या कानात औषध कमी पोचतं आणि काही न्यूमोकोकस साध्या डोसाला दाद देत नाहीत. या मुलीला म्हणजे दिवसाला 800 मिलिग्रॅम. 5 मिलीमध्ये 250 असलेल्या सिरपचे सकाळी 8 आणि रात्री 8 मिली. 30 मिलीची बाटली दोन दिवसांत संपते. "बाटली संपली म्हणजे कोर्स संपला" असं समजून बरीच घरं इथे थांबतात. दोन वर्षांखालच्या मुलांना हे औषध बहुधा दहा दिवस सांगतात. अमेरिकेत 2016 मध्ये या वयाच्या मुलांवर पाच दिवस आणि दहा दिवस अशी थेट तुलना झाली. पाच दिवसवाल्यांत उपचार फसण्याचं प्रमाण 34 टक्के निघालं, दहा दिवसवाल्यांत 16. मोठ्या मुलांना पाच ते सात दिवस पुरतात. तेव्हा दुकानातच विचारा की पूर्ण कोर्सला किती बाटल्या लागतील. आणि सगळ्या बाटल्यांत एकदम पाणी घालू नका. पावडरीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातल्यावर ते औषध साधारण सात दिवसच टिकतं.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे पुढच्या पायरीचं औषध: गेल्या महिनाभरात मुलाने अमॉक्सिसिलिन घेतलेलं असेल, कानाबरोबर डोळेही चिकटत असतील, किंवा साध्या औषधाने दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर. त्याने जुलाब जास्त होतात. दिवसातून एकदा, तीन दिवस, चवीला गोड म्हणून ॲझिथ्रोमायसिन आई-बाबांचं लाडकं असतं, पण कानातल्या नेहमीच्या जंतूंवर ते कमजोर पडतं. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर पर्याय डॉक्टर ठरवतील. औषध लागू पडत असेल तर दोन ते तीन दिवसांत ताप आणि रडणं कमी व्हायला हवं. झालं नाही तर पुन्हा कान बघायचा.

पू येत असेल तर स्वच्छ सुती कापडाची वात करून बाहेरच्या बाजूला धरायची, ओली झाली की बदलायची, दिवसातून तीनदा, कान कोरडा होईपर्यंत. इअरबड आत घालायचा नाही, कापसाचा बोळा कोंबून ठेवायचा नाही.

ताबडतोब न्यायचं कधी

कानामागचं हाड सुजलं, लाल झालं, दाबलं की मूल कळवळतं आणि कान पुढे-बाहेर ढकलल्यासारखा दिसतो, तर जंतू हाडात उतरलेत. चेहऱ्याची एक बाजू वाकडी दिसते, मान ताठ होते, मूल गुंगीत जातं, सारख्या उलट्या करतं, झटका येतो, चालताना अचानक झोकांड्या देतं, तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दाखवायचं, कान असो वा नसो. आणि पू दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाहत राहिला तर तो आता वेगळा, जुनाट आजार झालाय. त्याला तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक पुन्हा पुन्हा देऊन उपयोग होत नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतात.

दुखणं गेलं तरी पाणी राहतं

ताप उतरला, मूल खेळायला लागलं, तरी पडद्यामागचं पाणी लगेच जात नाही. महिन्याभराने बघितलं तर शंभरातल्या सुमारे चाळीस मुलांत ते असतं, तीन महिन्यांनी सुमारे दहांत. या काळात मुलाला थोडं कमी ऐकू येतं: हाक मारल्यावर उशिरा वळतं, टीव्हीजवळ जाऊन बसतं, आपण त्याला हट्टी म्हणतो. एवढ्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक देऊ नये, त्याने पाणी लवकर जात नाही. मात्र तीन महिन्यांनंतरही पाणी असेल, किंवा आधीच बोलणं उशिरा येतंय असं वाटत असेल, तर श्रवण तपासणी करून घ्यायची. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा कान बिघडले, तर तज्ज्ञ पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार करतात. न्यूमोकोकसची लस सरकारी वेळापत्रकात 2021 पासून देशभर आहे, सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. तिने कानाचे आजार पूर्ण थांबत नाहीत, थोडे कमी होतात. मुलाच्या कार्डावर तीनही खुणा आहेत का, एवढं पुढच्या भेटीत बघून घ्या.